मूडबोर्डवरून मजकूर कसा उतरवायचा: दांडिया बाजारातल्या एका वाड्याचं उदाहरण

प्रश्न: बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर उपाहारगृह करायचं आहे. मालक आणि मी मिळून मूडबोर्ड केला, म्हणजे जागा कशी वाटावी ते दाखवणारी ३४ चित्रं एका बोर्डावर लावली. त्यात तांबेकर वाड्याची भित्तिचित्रं, संखेडा गावचे लाखकामाचे झोपाळे, लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलची फरशी, कोकणातली घरं, पितळी भांडी, केळीच्या पानावरचं जेवण आणि दोन-तीन परदेशी कॅफे आहेत. मालक म्हणतात, "हे सगळं एका पानात लिहून द्या, म्हणजे सुतार, रंगारी, मेनूकार्डवाला सगळ्यांना एकच कागद देता येईल." मी लिहिलं, "पारंपरिक तरी मॉडर्न, रस्टिक, वॉर्म, रॉयल टच." वाचून प्रत्येकाने वेगळंच काही समजून घेतलं. चित्रांतून शब्दांत यायचं कसं?

उत्तर:

तुमचे पाचही शब्द परिणामाचे आहेत. आत आल्यावर माणसाला काय वाटावं ते त्यांतून कळतं, पण ते वाटण्यासाठी भिंतीला काय लावायचं ते कळत नाही. "पारंपरिक" म्हटल्यावर मालकांच्या डोळ्यांपुढे नथ, पगडी आणि भिंतीवर टांगलेली ढाल-तलवार येते, सुताराच्या डोळ्यांपुढे कोरीव कमान येते आणि मेनूकार्डवाल्याच्या डोळ्यांपुढे वळणदार देवनागरी अक्षर. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून वर्णन लिहिताना शब्दांपासून सुरुवात करायचीच नाही. परत चित्रांकडे जायचं आणि डोळ्याला नेमकं काय दिसतंय ते पकडायचं.

पहिलं काम चिठ्ठ्यांचं. प्रत्येक चित्रासाठी एक चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हे चित्र काढून टाकलं तर बोर्डातून काय जाईल? उत्तरात "सुंदर", "क्लासी", "आपुलकीचं" असा मत सांगणारा शब्द चालणार नाही. वस्तू, पृष्ठभाग, रंग, उजेड, अंतर यांतलंच काही हवं. हे काम मालकांसोबत बसून करा, कारण चित्र कशासाठी निवडलं ते निवडणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि विचारल्याशिवाय तोही सांगत नाही.

दरबार हॉलचंच घ्या. तुमच्या "रॉयल टच"चा उगम बहुधा तिथे आहे. तो हॉल म्हटला की रंगीत काचांच्या खिडक्या, झुंबरं, उंच छत हे सगळं डोळ्यांपुढे येतं, पण तुम्ही बोर्डावर लावलेला तुकडा फक्त मोझॅकच्या फरशीचा आहे. मालकांना विचारा, फरशीत काय आवडलं? "लहान लहान तुकड्यांची नक्षी आणि तिच्यावर तिरका पडलेला उजेड" असं उत्तर आलं, तर चिठ्ठीवर तेवढंच लिहा आणि चित्र तेवढंच कापून ठेवा. राजेशाही तिथेच गळून पडते, कारण ती कोणी मागितलीच नव्हती. केळीच्या पानाचंही तसंच आहे. जेवण बाजूला ठेवून पाहिलंत तर त्या चित्रात तांबूस, पिवळ्या, तपकिरी रंगांच्या मधोमध हिरव्याचा एकच ताजा तुकडा दिसतो. चिठ्ठी त्या हिरव्याची करायची.

ज्या चित्राची चिठ्ठी लिहिताच येत नाही, ते बोर्डावरून उतरवा. दोन चित्रांची चिठ्ठी शब्दशः सारखी निघाली, तर एक ठेवा, पण ती गोष्ट दोनदा आली अशी खूण करा, कारण वर्णनात तिचा मान मोठा असणार आहे. असं केल्यावर ३४ चित्रांची १२ ते १५ झाली, तर बोर्ड कामाचा झाला असं समजा. पंचवीसच्या वर राहिली, तर चिठ्ठ्या अजून ढोबळ आहेत.

आता एक चूक आधीच टाळा. मूडबोर्डवरच्या चित्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: दाखवलेली जागा, आणि छायाचित्रकाराने केलेलं काम. परदेशी कॅफेंचे फोटो नीट पाहा. मागचं सगळं धूसर, समोरचा कप तेवढा स्पष्ट, खिडकीतून आडवा पिवळसर उजेड, आणि जागेत एकही माणूस नाही. यातला धूसरपणा लेन्सचा आहे, तो कोणी मिस्त्री बांधून देणार नाही. रिकामेपणा तर उपाहारगृहाला परवडणाराच नाही. राहिला आडवा उजेड, आणि तो खरा कामाचा आहे. तो तुम्हाला मिळेल का, हे मात्र चित्र सांगत नाही, वाडा सांगतो. तुमचा दर्शनी भाग उत्तरेला असेल तर थेट ऊन जवळजवळ येणारच नाही. मग वर्णनात "उबदार सूर्यप्रकाश" लिहिणं म्हणजे खोटं आश्वासन देणं. त्याऐवजी त्या उजेडाचे गुण लिहायचे: तो खालून-बाजूने येतो, पिवळसर आहे, आणि छत अंधारात राहतं. हे दिव्यांनी साधता येतं. भिंतीवरचे दिवे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याची खालची कड टेबलापासून २८ ते ३० इंचांवर, आणि बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. हाच आकडा ६५०० झाला, तर तोच वाडा औषधांच्या दुकानासारखा दिसेल. त्यामुळे हा आकडा वर्णनातच असावा, विजेच्या कामाच्या यादीत दडलेला नको.

रंगाकडे वळण्याआधी उरलेली सगळी चित्रं मोबाइलवर कृष्णधवल करून शेजारी शेजारी ठेवा. रंग गेला की गडद-फिक्याचं प्रमाण उघडं पडतं, आणि बोर्डाचा स्वभाव रंगापेक्षा या प्रमाणातच जास्त असतो. तुमच्या बोर्डावर बहुतेक चित्रांत भिंत फिकी, लाकूड फार गडद आणि मधल्या छटा थोड्या, असं दिसायला हवं. कोकणातली घरं आणि वाड्यांचे खांब दोन्ही तेच सांगतात. एखादं चित्र या रांगेत मधल्याच राखाडी छटेचं दिसलं, तर त्याचा विषय कितीही जुळता असो, ते वेगळ्या बोर्डाचं आहे.

रंग लिहिताना नाव आणि क्षेत्र दोन्ही द्या. "गेरू आणि पांढरा" एवढ्याने भागत नाही. दहा भागांत सात भाग चुन्याचा पांढरा, दोन भाग काळपट सागवान, उरलेल्या एकात गेरू, पितळ आणि तो हिरवा, असं लिहिलं की रंगारी गेरूची अख्खी भिंत रंगवायला जात नाही. पडद्यावरून टिपलेला रंग भिंतीसाठी वापरू नका. फोटोवर फिल्टर चढलेला असतो आणि प्रत्येक मोबाइल तो वेगळा दाखवतो. शेडकार्डावरचा नंबर लिहा आणि भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना लावून तो सकाळी आणि दिवे लागल्यावर, असा दोनदा पाहा. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, म्हणून नमुना पूर्ण वाळल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

बडोद्यात आणखी एक पेच आहे. वर्णन तुम्ही मराठीत लिहिणार, आणि सुतार-रंगारी बहुधा ते गुजरातीत ऐकणार. लाकडाला किंवा कापडाला तुम्ही "भुरा" लिहिलंत, तर मराठी माणसाला धुरकट तपकिरी दिसेल, पण गुजरातीत "भूरो" म्हणजे निळा. मराठी "निळा" आणि गुजराती "लीलो" यांचीही गल्लत होते, कारण लीलो म्हणजे हिरवा. अशा ठिकाणी वस्तूवरून नाव द्या: केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा, जुन्या तांब्याच्या पत्र्याचा तपकिरी. गेरू, चुना, साग, पितळ, लाख, बदामी हे शब्द दोन्हीकडे थोड्याफार फरकाने तेच राहतात, त्यांच्यावर भरवसा ठेवा.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक चांगल्या बोर्डात एक भांडण असतं, आणि वर्णनाचा जीव त्या भांडणाच्या निकालात असतो. तुमच्या बोर्डावर ते चकाकीचं आहे. एका बाजूला चुन्याचा गिलावा, भित्तिचित्रं, केळीचं पान, सगळं निस्तेज, उजेड शोषून घेणारं. दुसऱ्या बाजूला संखेड्याचा झोपाळा आणि पितळ, दोन्ही झळकणारी. "रस्टिक" आणि "रॉयल" हे दोन शब्द तुम्ही एकाच ओळीत लिहिलेत ते यामुळेच. भांडण दिसत होतं, पण सोडवलं गेलं नाही.

ते सोडवायला झोपाळा जवळून पाहावा लागतो. संखेड्याचे खरादी सागवान खरादावर फिरवून गोल करतात. त्यावरची जी नक्षी सोनेरी दिसते, तिच्यात सोनं नसतं. कथलाची पूड डिंकात खलून तिने नक्षी काढतात. ती मुळात रुपेरी असते. वर लाखेचा थर चढला की त्या पिवळसर थरातून खालचं कथील सोनेरी दिसू लागतं. अकीक दगडाने घोटून झळाळीही आणतात. म्हणजे ही चमक रंगाची नाही, थराची आणि घासण्याची आहे. पितळी तांब्याचंही तेच, तो रोज चिंचेने घासला जातो म्हणून चमकतो. कोकणातल्या घराच्या फोटोत उंबरा आणि खांबाचा खालचा भाग गुळगुळीत झालेला दिसतो, तो हातापायांनी. तिन्हीकडे चकाकी घासण्यातून आलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती हात लागतो तिथेच आहे.

हा धागा सापडला की वर्णनाचं पहिलं वाक्य सापडतं: चमक फक्त तिथे, जिथे हात लागतो. खुर्चीचा हात, दाराची कडी, जिन्याचा कठडा, पाण्याचा तांब्या, झोपाळ्याची दांडी हे सगळं घोटलेलं, झळकणारं. बाकी भिंत, छत, फरशी, टेबलाचा पृष्ठभाग निस्तेज. या एका नियमाने झोपाळा बोर्डावर राहतो, चुनाही राहतो, आणि "रॉयल" हा शब्द लागतच नाही.

चांगला नियम ओळखायची खूण अशी की, ज्या गोष्टीचं चित्र बोर्डावर नाही तिचाही निर्णय तो देतो. मेनूकार्डाचं चित्र तुमच्या बोर्डावर नाही. पण नियम सांगतो की कागद बिनचकाकीचा, खरबरीत, आणि जिथे बोटं धरतात त्या कडेच्या पट्टीवरच वार्निश. टॉयलेटचा नळ? पितळी. त्याच्यामागच्या टाइल्स? निस्तेज. नियम लावून पाहिला आणि असा निर्णय निघालाच नाही, तर तुम्हाला नियम नव्हे, नुसतं निरीक्षण मिळालंय. पुन्हा चिठ्ठ्यांकडे जा.

मजकूर लिहायचा क्रम मी असा ठेवेन: आधी नियम, मग उजेड, मग पृष्ठभाग आणि रंग प्रमाणासह, मग एखादी मुख्य वस्तू जवळून, आणि शेवटी काय नको ते. सगळं मिळून २५० ते ३०० शब्द. यापेक्षा मोठा कागद रंगारी वाचत नाही, आणि लहान केला की विशेषणं परत घुसतात. सगळी वाक्यं वर्तमानकाळात लिहा, जणू जागा तयार आहे आणि तुम्ही आत उभे आहात. "असावं", "वाटावं" आलं की मागणी सुरू होते आणि वर्णन थांबतं. तुमच्या बोर्डावरून मजकुराचा गाभा साधारण असा उतरेल:

"या जागेत चमक फक्त हात लागतो तिथे आहे. भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या, थापीच्या फटकाऱ्यांची खूण ठेवलेल्या, चुन्याच्याच पांढऱ्या रंगाच्या. खांब आणि कडीपाट जुन्या सागाचे, तेल पाजून काळपट झालेले, पॉलिश नाही. उजेड छतावरून येत नाही, तो भिंतीवरून आणि टेबलावरून पिवळसर येतो, त्यामुळे कडीपाट अंधुक राहतो आणि माणसांचे चेहरे उजळतात. कोनाड्यांच्या आतल्या बाजूला गेरू, बाहेर कुठेही नाही. एकाच भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीच्या वर, चौकटी-चौकटींत लहान आकृत्यांचा एक पट्टा. रेषा गडद तपकिरी, रंग पातळ, सोनेरी कड नाही. खुर्च्यांचे हात आणि झोपाळ्याच्या दांड्या लाखेने घोटलेल्या, डाळिंबी. पाण्याचे तांबे आणि दारांच्या कड्या पितळी. हिरवा रंग फक्त ताटात आणि चौकातल्या कुंडीत."

हा अंदाजे शंभर शब्दांचा गाभा आहे. यात "पारंपरिक" एकदाही आलेलं नाही, पण वाचणाऱ्याला वाडाच दिसतो. भित्तिचित्रांचा पट्टा मुद्दाम मर्यादित केला आहे. तांबेकर वाड्यात भिंती भरगच्च रंगवलेल्या आहेत आणि तिथे ते शोभतं. तुमच्याकडे लोक तासभर बसून जेवणार, अख्खी भिंत आकृत्यांनी भरली तर गडद-फिक्याचं ते प्रमाण मोडेल. बोर्डावर जे आहे ते सगळं जागेत यायलाच हवं असं नाही.

"काय नको" हा भाग मालकांना उद्धट वाटू शकतो, तरी तो ठेवा. पण "भपका नको" असं मोघम लिहू नका. नको त्या गोष्टी ओळखू येतील अशा लिहा: पॉलिश केलेला ग्रॅनाइट, छतातले फॉल्स सीलिंगचे दिवे, सोनेरी स्प्रे, भिंतीवर टांगलेल्या ढाली-तलवारी, जुनाट दिसावं म्हणून मुद्दाम खरवडलेलं लाकूड. पाच-सहा पुरेत. प्रत्येक गोष्ट कोणीतरी नक्की सुचवेल अशीच निवडा. जी कोणी सुचवणारच नाही तिला नको म्हणण्यात जागा वाया जाते.

शेवटी मजकूर तपासा, आणि बोर्ड न पाहिलेल्या माणसांकडूनच. २० चित्रं घ्या: १० तुमच्या बोर्डाशी जुळणारी, पण बोर्डावर नसलेली, आणि १० जवळची तरी चुकीची. उदाहरणार्थ, राजस्थानी हवेलीचं निळ्या भिंतींचं हॉटेल, चकचकीत पेशवाई थीमचा हॉल, पांढरा आणि कोरा स्कँडिनेव्हियन कॅफे. चुकीची चित्रं फार लांबची ठेवलीत तर परीक्षा सोपी होते आणि काही कळत नाही. दोन माणसांना वेगवेगळं बसवा, मजकूर वाचू द्या आणि जुळणारी चित्रं उचलायला सांगा. एकाने हवेली उचलली तर तो त्याचा स्वभाव असू शकतो. दोघांनी उचलली तर दोष मजकुराचा. कोणत्या वाक्यामुळे उचलली ते दोघांनाही विचारा, बहुतेक वेळा एकच वाक्य निघतं. इथे ते भित्तिचित्रांचं निघण्याची शक्यता जास्त, आणि उपाय म्हणजे तिथे नाव घालून "निळा कुठेही नाही" असं लिहिणं. एक तरी माणूस गुजरातीभाषक घ्या, म्हणजे भुरा-भूरोची भानगड कामाआधीच उघड होईल.

रंगाची नेमकी छटा आणि मापं मजकुरात मावत नाहीत. ते नमुन्याचं आणि ड्रॉइंगचं काम आहे. म्हणून कागदाला तीन वस्तू जोडा: चुन्याचा वाळलेला तुकडा, तेल पाजलेल्या सागाची पट्टी आणि लाखेने घोटलेल्या लाकडाचा तुकडा. मजकूर आणि तुकडा यांच्यात फरक निघाला तर तुकडा खरा मानायचा, ही ओळही कागदावर लिहून ठेवा.

काम सुरू झाल्यावर मालक नवीन चित्रं पाठवत राहतील. प्रत्येकाची आधी चिठ्ठी लिहा आणि पहिल्या वाक्यापुढे धरा. चमक हात लागतो तिथेच आहे का? असेल तर चित्र बोर्डावर जातं, मजकूर बदलत नाही. नसेल आणि मालकांचा आग्रह असेल, तर पहिलं वाक्यच बदलावं लागेल, म्हणजे त्याखालचं सगळं, रंगाऱ्याने लावून ठेवलेल्या नमुन्यासकट, नव्याने पाहावं लागेल. हे त्यांना चित्र आलं त्याच दिवशी सांगा, गिलावा चढल्यावर नाही.